शिफारसपत्रासाठी सरांना ईमेल: तुम्ही काय लिहिलं होतं? (माझा नमुना आत आहे)

सांजवात:
काल रात्री भाचीने सरांना पाठवायचा ईमेल दाखवला. "सर, मला एलओआर हवं आहे, शुक्रवार शेवटची तारीख आहे, प्लीज." खाली अकरा विद्यापीठांची नावं. मी हसले आणि मग गप्पच झाले, कारण मीही जवळजवळ हेच लिहिलं होतं.

आमच्या वेळी पत्रं बंद पाकिटात मिळायची, चिकटवलेल्या जागेवर सरांची सही असायची. एक पाकीट वापरलं गेलं नाही. ते मागच्या वर्षी कपाट आवरताना सापडलं आणि मी फोडलं. पाच ओळी. माझ्या वर्गात होती, गुण चांगले, वक्तशीर आहे, वागणूक उत्तम, यश चिंतितो. खोटं काहीच नव्हतं, पण त्या ओळी वर्गातल्या कुणालाही लागू पडल्या असत्या. सरांना तरी काय बोलणार? दरवर्षी शंभरेक चेहरे, त्यात मी त्यांना आठवण्यासारखं एक अक्षर दिलं नव्हतं.

म्हणून भाचीला आधी मराठीतच लिहायला बसवलं. इंग्रजीत बसलं की सगळे जण साच्यातलंच लिहितात. हे तयार झालं:

> विषय: एमएस प्रवेशासाठी शिफारसपत्राची विनंती (पहिली अंतिम तारीख १ डिसेंबर)
>
> आदरणीय सर,
>
> मी (नाव), मागच्या वर्षी पास झालेल्या तुकडीतली. तिसऱ्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्स तुमच्याकडे शिकले आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही तुमच्याकडेच केला. जलसंसाधन विषयात एमएससाठी परदेशातल्या चार विद्यापीठांत अर्ज करते आहे.
>
> माझ्या कामाबद्दल ठामपणे चांगलं लिहिता येईल इतकी माझी ओळख आहे, असं तुम्हाला वाटतं का? वेळ नसेल किंवा दुसऱ्या कुणी लिहिणं बरं असं वाटत असेल, तर निःसंकोच सांगा. माझ्याकडे अजून वेळ आहे.
>
> तुम्हाला आठवत असेल, प्रयोगशाळेत आमच्या गटाचा व्हेंचुरीमीटरचा गुणांक १.०८ येत होता. आम्ही तो वहीत लिहून मोकळे होणार होतो. "एकाच्या वर जातोय म्हणजे काय, विचार कर," असं तुम्ही म्हणालात. मी दुसऱ्या दिवशी परत आले, मॅनोमीटरच्या नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा सापडला, तो काढल्यावर गुणांक ०.९७ आला. पुढे प्रकल्पातली सगळी मोजमापं मी दोनदा घेतली ती त्या दिवसामुळे.
>
> तुमचा होकार आल्यावरच पोर्टलवर तुमचं नाव भरीन, मग पत्र अपलोड करायची लिंक तुमच्या कॉलेजच्या ईमेलवर येईल. गुणपत्रक, सीव्ही, एसओपीचा कच्चा मसुदा आणि चार विद्यापीठांच्या तारखांचा एका पानाचा तक्ता सोबत जोडला आहे.
>
> आपली,
> (नाव, हजेरी क्रमांक, फोन)

२० ऑक्टोबरला पाठवायचा, म्हणजे सरांच्या हातात सहा आठवडे. आता तुमचे अनुभव येऊ द्या.

टवाळ_पांडू:
मी लिहिलं होतं "सर मला विसरला नसाल". उत्तर आलं, "विसरण्याचा खूप प्रयत्न केला."

खडूफळा:
तीस वर्षं शिकवलं, पत्रं किती लिहिली मोजली नाहीत. सांजवातताई, तुमच्या भाचीच्या ईमेलमध्ये खरी कामाची जागा आहे "निःसंकोच सांगा". विद्यार्थ्यांना वाटतं नकार म्हणजे अपमान. अहो, कोमट पत्र नकारापेक्षा वाईट. पुष्कळ पोर्टलवर पत्रासोबत एक तक्ता भरावा लागतो: हा विद्यार्थी तुमच्या माहितीतल्यांत पहिल्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत? शिवाय किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता. मी ज्याला ओळखतच नाही त्याच्यासमोर कुठली खूण करू? खोटी करवत नाही, आणि मधली केली की त्याचं नुकसान.

दुसरं म्हणजे बुडबुडा. मार्क मला गुणपत्रकात दिसतात, ते समितीलाही दिसतात. पण चुकलेलं रीडिंग घेऊन कोण परत आलं हे फक्त मी सांगू शकतो. तेवढं आठवून दिलंत की पत्राचं अर्धं पान आपोआप होतं.

निळी_छत्री:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. एक गोष्ट, फॉर्ममध्ये पत्र बघायचा हक्क सोडता का असं विचारतात तिथे कधीच 'हो' म्हणू नका. आपला हक्क का सोडायचा?? वाईट लिहिलं असेल तर कळणार कसं

उत्तरायण:
@निळी_छत्री, हक्क आहे हे बरोबर, सल्ला मात्र उलटा पडेल. अमेरिकेतला तो कायदा १९७४ चा, फर्पा म्हणतात. त्यातला बघायचा हक्क तुम्ही त्याच विद्यापीठात दाखल झाल्यावर लागू होतो. प्रवेश नाकारला तर तसाही काही दिसत नाही. आणि हक्क राखून ठेवलेला दिसला की वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याने हात राखून लिहिलंय. काही प्राध्यापक तर मग लिहायलाच तयार होत नाहीत.

निळी_छत्री:
अच्छा. मी तर 'नाही' टिक केलं होतं. ॲडमिशन मिळाली होती पण

कोरा_कागद:
माझे सर म्हणाले "तूच लिहून आण, मी सही करतो." दुसरे सरही तेच म्हणाले. तिसऱ्या मॅडमही. तिन्ही पत्रं मी एकाच रात्री लिहिली आणि तिन्हींत "अथक परिश्रमी" आलं. सहापैकी एकाच ठिकाणी प्रवेश मिळाला. त्यामुळेच की काय, देव जाणे.

खडूफळा:
हे चुकीचंच आहे. बऱ्याच ठिकाणी पत्र मीच लिहिलंय असं लिहिणाऱ्याकडून कबूल करून घेतात.

कोरा_कागद:
मान्य सर, पण मग करायचं काय होतं? नाही म्हटलं असतं तर पत्रच मिळालं नसतं.

उत्तरायण:
मी अशा वेळी पत्राऐवजी मुद्द्यांचं पान दिलं होतं. चार प्रसंग, तारखांसकट, विशेषण एकही नाही. सरांनी त्यातले दोन घेतले आणि वाक्यं स्वतःची लिहिली. सगळेच सर तेवढं करतील असं नाही म्हणा.

मोगरा८:
मला एक्सपिरियन्स लेटर हवंय, आधीच्या कंपनीने दिलेलं नाही, हाच ईमेल एचआरला चालेल का? व्हेंचुरीमीटर काढून टाकते

टवाळ_पांडू:
बुडबुडा राहू दे, एचआरला लागतो.

पायवाट:
माझं पत्र वेळेत लिहून झालं होतं, पण लिंक सरांच्या स्पॅममध्ये पडलेली. मला वाटलं त्यांनी दिलं, त्यांना वाटलं मी अजून नाव भरलं नाही. संकोचापायी विचारलं नाही. पोर्टलवर "प्रतीक्षेत" असं दिसत होतं, पण मी उघडून पाहिलं शेवटच्या संध्याकाळी. बहुतेक पोर्टलवर लिंक पुन्हा पाठवायचं बटण असतं, तेही मला तेव्हाच दिसलं. त्या विद्यापीठाने दोन दिवस उशिराचं पत्र घेतलं, सगळी घेत नाहीत. आता कुणीही विचारलं की सांगतो, नाव भरल्यावर त्याच दिवशी सरांना "लिंक आली का" एवढं विचारा, आणि तारखेच्या आठवडाभर आधी एक ओळ टाका.

निळी_छत्री:
सरांचा खासगी ईमेल दिला तर चालतो का

पायवाट:
काही ठिकाणी चालतो, पण संस्थेचाच मागतात बहुतेक. पत्र विद्यार्थ्यानेच खोट्या पत्त्यावरून पाठवलं की काय, ही शंका त्यांना असते.

आडवाटे:
विषयांतर होतंय, पण बुडबुड्याने गुणांक वाढेल का? कमी व्हायला हवा ना?

खडूफळा:
बुडबुड्यामुळे दाबातला फरक कमी दिसला तर सैद्धांतिक प्रवाह कमी निघतो. प्रत्यक्ष प्रवाहाला त्याने भागलं की उत्तर फुगतं. बुडबुडा दुसऱ्या नळीत असता तर उलटं झालं असतं.

आडवाटे:
आता कळलं. व्हायवामध्ये मला हेच विचारलं होतं राव

सांजवात:
भाचीने पाठवला. सरांचं उत्तर दुपारीच आलं: "लिहीन. पण १.०८ नव्हता, १.१२ होता. वही बघ." तिने वही काढली. १.१२ च होता.

मोगरा८:
एचआरचं कुणी सांगेल का