अनुभव धागा: पहिला पूर्ण बॅकअप अपलोड व्हायला किती दिवस लागले?

धागाकर्ती: आईबाबांचे फोटो आणि लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटींवरून केलेल्या फाइल, सगळं मिळून ६२० जीबी. प्लॅन ४० एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्टमध्ये अपलोड जेमतेम ४. माझा हिशोब असा: १ एमबीपीएसवर चोवीस तासांत १०.८ जीबी जातात, म्हणजे रोज ४३ आणि साधारण साडेचौदा दिवस. प्रत्यक्षात २२ लागले. तुमचे आकडे सांगा.

कोथरूडकर: आमच्याकडे फायबर, अपलोडही १००. चारशे जीबी नऊ तासांत जायला हवे होते, दोन दिवस लागले. दीड लाख छोटे फोटो होते. प्रत्येक फाइलमागे थोडा वेळ जातोच, तिथे स्पीड कामाला येत नाही.

रात्रपाळी: ताई, दिवसा वेग कमी केला होतात का?

धागाकर्ती: हो. अपलोड पूर्ण वेगाने चालू असलं की मुलाच्या ऑनलाइन क्लासमध्ये आवाज तुटायचा. म्हणून हे:

```
rclone copy D:\Photos remote:photos --bwlimit "07:00,300k 23:00,off"
```

रात्रपाळी: मग तुमचे दिवस इथेच गेले. हा 300k किलोबाइटमध्ये असतो, म्हणजे साधारण अडीच एमबीपीएस. दिवसाच्या सोळा तासांत १८ जीबी, रात्रीच्या आठ तासांत १४. रोजचे ३२ झाले. शिवाय ६२० हा आकडा विंडोजने दाखवलेला असेल तर तो १०२४च्या मापाने असतो. आपल्या हिशोबात ते ६६६ जीबी. भागून बघा, एकवीस दिवस येतात. उरलेला एक दिवस लाइट गेल्याचा असावा. मी कागदावरच्या हिशोबावर विसंबत नाही. तीन दिवस चालू द्यायचं, खरोखर किती गेलं ते बघायचं आणि त्याने भागायचं. पहिल्याच दिवशी भागलं तर फसगत होते, कारण छोट्या फाइल आधी गेल्या तर वेग कमी दिसतो, मोठे व्हिडिओ गेले तर जास्त.

सांगलीहून: लाइट गेली की सगळं पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून मी नादच सोडला.

रात्रपाळी: सगळं नाही हो. पोचलेल्या फाइल पोचलेल्याच राहतात. अर्ध्यावर तुटलेली फाइल मात्र बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून जाते. तीस जीबीची एकच फाइल तुमच्या लाइनवर दिवसभर चालत असेल आणि रोज लाइट जात असेल, तर ती कधीच पोचणार नाही. तुकडे करा, किंवा राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

सांगलीहून: माझी ४८ जीबीची एकच झिप होती. आता कळलं. तुकडे करून बघते.

नवा_सभासद: मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चालेल का?

कोथरूडकर: रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर ६२० जीबी म्हणजे ३१० दिवस.

धागाकर्ती: एक विचारायचंय. आमच्या कंपनीने या महिन्यात अपलोडही कोट्यात धरला आणि अठराव्या दिवशी वेग उतरवला. सगळीकडे असंच आहे का?

सांगलीहून: आमच्याकडे नाही धरत, निदान बिलात तरी दिसत नाही.

रात्रपाळी: आमच्याकडे धरतात. अठरावा दिवस म्हणताय? मग माझा लाइटचा अंदाज चुकला असेल. त्या दिवसापासून रोज किती जीबी गेले ते लॉगमध्ये असेल, टाका इथे.