बचत गटाच्या वार्षिक सभेत खजिनदाराने किती आकडे वाचावेत?

निखिल_हडपसर
आईला बचत गटाच्या वार्षिक सभेला सोडायला गेलो, तर खजिनदार काकू अर्धा तास वही वाचत होत्या. निम्म्या बायका पेंगल्या. लोकहो, तीन आकडे पुरेत. वर्षात जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. दोन मिनिटांत भाषण, मग वडापाव. पटत नसेल त्यांनी बोला.

खजिनदार_पर्वती
मी बोलते. वाचून डोकंच फिरलं, म्हणून जरा लांबलचक होईल.

आमच्या गटात बाराजणी. महिन्याला प्रत्येकी ३०० रुपये बचत, कर्जाला शेकडा दोन रुपये महिना व्याज. मार्चअखेरच्या सभेत तेव्हाच्या खजिनदार ताईंनी अगदी तुम्ही म्हणता तसंच भाषण केलं. "जमा १,३९,५००. खर्च १,३४,४००. मागची शिल्लक धरून आज ११,६००." आणि बसल्या. क्षणभर शांतता, मग मागून एकजण म्हणाली, "एक लाख चौतीस हजार खर्च? कशावर केला गं?" दुसरी म्हणाली, तीन वर्षं पैसे भरतोय आणि गटात फक्त साडेअकरा हजार? संध्याकाळपर्यंत दोघींचे नवरे दारात उभे.

एकही आकडा खोटा नव्हता. पण त्या १,३४,४०० मधले १,३२,००० आम्हीच आमच्या बायकांना कर्ज दिले होते. खरा खर्च २,४०० : वह्या आणि झेरॉक्स ७००, बँकेत जाण्यायेण्याची रिक्षा ५००, संक्रांतीचं हळदीकुंकू १,२००. जमेत ४३,२०० आमचीच बचत, ७८,००० कर्जाचं परत आलेलं मुद्दल. गटाची कमाई म्हणाल तर व्याज १७,४००, दंड ६०० आणि बँकेने दिलेलं व्याज ३००.

आठवड्याने पुन्हा सभा घेतली. तेव्हा मी सचिव होते, बोलायला मला उभं केलं. मी असं सांगितलं : "मागच्या एप्रिलला ९०,००० कर्ज बाहेर होतं. वर्षात १,३२,००० दिलं, ७८,००० परत आलं, म्हणजे आज १,४४,००० आपल्याच घरांत फिरतायत. बँकेत ११,०००, पेटीत ६००. सगळे मिळून १,५५,६००. यातली आपली बचत १,२९,६००, प्रत्येकीची १०,८००, आपापल्या पासबुकात बघा. उरलेले २६,००० गटाने तीन वर्षांत कमावलेले." मग सगळ्यांनी पासबुकं उघडली. बारापैकी एकीच्या पासबुकात जून महिन्याची नोंद राहिली होती, ती तिथेच रोखवहीवरून लिहिली. कोणी पेंगलं नाही. नवरे पण गेले.

तेव्हा निखिलदादा, वडापाव खा, पण आईला एवढं विचारा की तिच्या गटाचं किती कर्ज बाहेर आहे. तिला सांगता आलं, तर काकूंचा अर्धा तास सत्कारणी लागला म्हणायचं.

निखिल_हडपसर
आईला विचारलं. म्हणाली "असेल लाखभर". म्हणजे अर्धा तास वाचूनही कळलं नाहीच! तुमचं भाषण पाच-सहा वाक्यांत संपलं ना? मग तुम्ही माझ्याच बाजूच्या.

सदाशिवपेठी_बीकॉम
एवढं रामायण कशाला? बचत आणि मुद्दल हे उत्पन्न नव्हे, हे बरोबर. कर्ज देणं हा खर्च नव्हे, हेही बरोबर. उत्पन्न १८,३००, खर्च २,४००, नफा १५,९००. एवढंच सांगा आणि दिवाळीला वाटून टाका, प्रत्येकीला १,३२५. बायका खूश.

खजिनदार_पर्वती
वाटायला द्यायचे कुठून? पेटी आणि बँक मिळून ११,६०० आहेत. नफा झाला तो पण कर्जात फिरतोय.

सदाशिवपेठी_बीकॉम
मग कर्ज थोडं वसूल करा. नफा कागदावर आहे म्हणायचं आणि हातात काही द्यायचं नाही, याला काय अर्थ?

निवृत्त_शाखाधिकारी_कोथरूड
बचत गटांची खाती बरीच वर्षं हाताळली आहेत, म्हणून दोन शब्द. ताईंचं दुसरं भाषण उत्तम. बाहेरचं कर्ज, हातातली व बँकेतली रक्कम, सदस्यांची बचत आणि गटाची कमाई. पहिल्या दोघांची बेरीज ही पुढच्या दोघांच्या बेरजेएवढी यायलाच हवी, आणि इथे येते. नफा वाटायला मी सांगणार नाही. पुढे बँकेकडून कर्ज मागाल तेव्हा बचतीबरोबर हा निधीही मोजला जातो.

पण ताई, एक गोष्ट खटकली. सुरुवातीला ९०,००० बाहेर, शेवटी १,४४,०००. ढोबळ मध्य धरला तर १,१७,०००. शेकडा दोनने वर्षाचं व्याज २८,००० च्या आसपास यायला हवं. तुमच्याकडे १७,४०० आलं. दहा हजारांचा फरक कुठे गेला?

खजिनदार_पर्वती
कुठे जाईल? आमच्याकडे बरीच कर्जं दिवाळीनंतर उचलली. लग्नसराई असते. तोवर कमी पैसे बाहेर, म्हणून व्याज कमी.

निवृत्त_शाखाधिकारी_कोथरूड
मग दिवाळीपर्यंत दर महिन्याला आलेली बचत आणि हप्ते बँकेत साचले असतील. बचत खात्यावर अडीच-तीन टक्के व्याज मिळतं. ३०० रुपये म्हणजे वर्षभरात खात्यात सरासरी दहा-बारा हजारच होते. पैसा बँकेत साचला नाही. तेव्हा दोनच शक्यता. एक, पैसा बाहेर होता आणि काहीजणींचं व्याज थकलंय. दुसरी, पैसा रोखीने कुणाच्या तरी घरी पडून होता. महिन्यामहिन्याची हाती शिल्लक पाहा, लगेच उजेड पडेल.

खजिनदार_पर्वती
काका, दुसरी शक्यता जपून लिहा. आधीच्या खजिनदार म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तुम्ही कोथरूडमध्ये बसून आमच्या घराला चोर ठरवताय.

निवृत्त_शाखाधिकारी_कोथरूड
चोर म्हणालो नाही. घरात रोख राहते याचं कारण बहुतेक वेळा बँकेची रांग असतं. पण रोखवही सगळ्या जावांना सारखीच लागू. जाऊबाईंच्या रागाने दहा हजार भरून निघत नाहीत.

बालेवाडी_रहिवासी
आमच्या सोसायटीच्या खजिनदाराला हेच विचारलं, तर म्हणे सीएला विचारा. सिंकिंग फंडाचा हिशोब आजवर दाखवलेला नाही. लिफ्ट मात्र बंद. ताई, तुमच्या गटात लिफ्टचा खर्च कोणात धरता?

सदाशिवपेठी_बीकॉम
भाऊ, हा बचत गट आहे. लिफ्ट नाही. 😀

भारती_येरवडा
सगळे दहा हजारांच्या मागे लागलेत. मला त्या १,२०० बद्दल बोलायचंय. गटाच्या पैशातून हळदीकुंकू का? माझे मिस्टर गेले त्या वर्षी आमच्या गटाने पण केलं होतं. व्याज माझंही, दंड माझाही, आणि मला निरोप आला की "ताई, तू नंतर ये, वाण घरी पाठवू". डब्बा पाठवला. मी परत केला.

खजिनदार_पर्वती
आमच्यात तसं नाही. सगळ्यांना बोलावतो.

भारती_येरवडा
बोलावता. कुंकू लावता का?

सुगरण_सिंहगडरोड
जिला लावून घ्यायचंय ती लावते. प्रत्येक गोष्टीत वाद कशाला? वर्षातून एकदा बायका एकत्र येतात, तिळगूळ वाटतात. बाराशे रुपयांत बाराजणी, शंभर रुपये डोई. पुरुषांची मंडळं लाखो रुपये ढोलावर उडवतात तेव्हा कोणी विचारत नाही.

भारती_येरवडा
शंभर रुपये डोई, बरोबर. माझ्या डोईचे पण शंभर गेले की. त्यात माझ्या डोईला काय मिळालं ते विचारतेय. २०२२ साली हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. आणि पुण्यातल्या गटात अजून डब्बा घरी पाठवतात.

सुगरण_सिंहगडरोड
ठराव करून मनं बदलतात का? आमच्या सासूबाई विधवा आहेत, त्या स्वतःच येत नाहीत. जबरदस्तीने बसवायचं?

सदाशिवपेठी_बीकॉम
आता हिशोबाचं काय?

भारती_येरवडा
हा हिशोबच आहे. ज्या खर्चाचा लाभ सगळ्यांना नाही, तो सगळ्यांच्या कमाईतून का? ज्यांना करायचंय त्यांनी वर्गणी काढावी. खजिनदाराने भाषणात २,४०० एकत्र सांगितले की हे झाकलं जातं. म्हणूनच म्हणते, निखिल, तीन आकडे नको.

निवृत्त_शाखाधिकारी_कोथरूड
भारतीताईंचा मुद्दा नियमाने रास्त आहे. गटाच्या निधीतून काय खर्च करायचं ते बैठकीच्या इतिवृत्तात ठरावाने लिहिलेलं असावं. ताई, तुमच्या इतिवृत्तात तो ठराव आहे का?

खजिनदार_पर्वती
नाही. दरवर्षी होतं म्हणून होतं.

आणि हो, काका, तुम्ही गप्प बसणार नाही म्हणून जाऊबाईंकडे जाऊन वही आणली. चहा न घेता. महिन्याची हाती शिल्लक कधीच दोन हजारांच्या वर गेलेली नाही, हे आधी वाचा. खतावणीत तीनजणींनी मुद्दलाचा हप्ता भरलाय आणि व्याज "पुढच्या महिन्यात" असं ठेवत गेल्यात. मिळून सात हजारांच्या आसपास. उरलेले तीन हजार मला अजून लागत नाहीत.

निवृत्त_शाखाधिकारी_कोथरूड
माझा १,१७,००० हा अंदाजच होता, तीन हजारांचा फरक त्यातच असू शकेल. दर महिन्याची येणेबाकी मांडल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. आता हप्ता आला की आधी व्याज वळतं करा, मग मुद्दल. आणि ते सात हजार २६,००० मध्ये मिळवू नका. भाषणात वेगळं वाक्य ठेवा : "व्याज येणे आहे एवढं".

सुगरण_सिंहगडरोड
तिघींची नावं वाचायची का मग? आमच्या गटात एकदा वाचली, ती बाई पुन्हा आलीच नाही. पैसेही गेले.

निवृत्त_शाखाधिकारी_कोथरूड
महिन्याच्या बैठकीत नावाने वसुली होतेच. वार्षिक सभेत रक्कम पुरे.

भारती_येरवडा
मी असते तर नावं वाचली असती. माझा एक हप्ता चुकला तेव्हा मोठ्याने वाचला होता.

निखिल_हडपसर
थोडक्यात : बाहेरचं कर्ज, बँक आणि पेटी, बचत, कमाई, थकलेलं व्याज. पाच झाले. तीनाचे पाच केलेत, अभिनंदन. आईच्या काकू चाळीस वाचतात, त्यांना हे कोण सांगणार?

खजिनदार_पर्वती
तुम्ही सांगा. वडापाव द्यायच्या आधी.
भारतीताई, पुढच्या संक्रांतीआधी ठराव मांडते. मंजूर झाला तर ते १,२०० "सदस्य मेळावा" म्हणून वेगळे वाचेन.

भारती_येरवडा
नाव बदलू नका. हळदीकुंकूच वाचा, आणि कुणाकुणाला लावलं तेही सांगा.