सूत्रानं ३०० नग काढले, तरी बेअरिंग संपलंच. चूक 'किती'त की 'कधी'त?

हिंगणा_बेअरिंग: हिंगणा एमआयडीसीजवळ माझं बेअरिंगचं दुकान आहे. ६२०५ नंबर वर्षाला साधारण ३,६०० नग जातो, खरेदी १०० रुपये. पुतण्यानं बी.कॉम.च्या पुस्तकातलं सूत्र लावलं आणि दर खेपेला ३०० नग मागवायचं ठरवलं. १०० उरले की ऑर्डर. माल पुण्याहून आठ दिवसांत येतो. तरी एप्रिलमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा माल संपला, गिऱ्हाईक परत गेलं. आता डीलर म्हणतो, एकदम १,२०० उचल, २ टक्के कमी लावतो. सूत्रच चुकीचं आहे का? डीलरचं ऐकू का?

इतवारी_डाळवाले: भाऊ, मी तं म्हणतो सूत्र बाजूला ठेवा. भाव कमी मिळून राहिला तं माल उचलायचा, एवढंच खरं. १,२०० घेतले तं वर्षात तीनदाच मागवावं लागते. नऊ खेपांचं भाडं, हमाली वाचते आणि २ टक्के वेगळे. डाळीत आम्ही हेच करतो.

स्टोअर_बुटीबोरी: काका, डाळीचा भाव हंगामात खाली येतो म्हणून तुमचं जमतं. बेअरिंगला हंगामी भाव नसतो. इथे हिशेब मांडूनच बघावा लागेल.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं आहे. पुतण्यानं एका ऑर्डरचा खर्च ३०० रुपये धरला असेल: ट्रान्सपोर्ट, हमाली, माल मोजून घेणं, बिल चढवणं. एक नग वर्षभर ठेवायचा खर्च २४ रुपये धरला असेल. तरच हे बसतं:

√(२ × ३,६०० × ३०० ÷ २४) = ३००

३०० नगांची खेप म्हणजे वर्षाला बारा ऑर्डर, ३,६०० रुपये. दुकानात सरासरी १५० नग पडून, त्याचेही ३,६००. एकूण ७,२००. आता ३०० ऐवजी ४५० मागवले तर एकूण ७,८०० होतात. दीडपट चुकूनही वर्षाला ६०० रुपयेच जास्त. १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं हे सूत्र मांडलं. त्याची खरी गंमत हीच आहे, की खर्चाची रेषा तळाशी अगदी सपाट असते. म्हणून 'किती'मध्ये थोडं इकडेतिकडे झालं तरी दुकान बुडत नाही. माल संपला तो ३०० मुळे नाही, त्या १०० मुळे संपला.

डीलरचं म्हणाल तर १,२०० घेतल्यावर ऑर्डरचा खर्च ९०० वर येतो, पण सरासरी ६०० नग पडून राहतात. ९८ रुपयांच्या मालावर त्याच दरानं ते १४,११२ रुपये. एकूण १५,०१२. म्हणजे खर्च ७,८१२ नं वाढला आणि डिस्काउंट मिळाला ७,२०० चा. सहाशेचं नुकसान.

रिवाइंडिंग_ताई: पण ते २४ रुपये आले कुठून? दुकान यांचं स्वतःचं, रॅक आधीच लावलेली. बेअरिंगचे आणखी शंभर डबे ठेवल्यानं भाडं वाढत नाही की माणूस वाढत नाही. खरा खर्च म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज आणि थोडं गंजणं-हरवणं. माझ्या मते १०० रुपयांवर १२ च धरा. मग बघा काय होतं.

स्टोअर_बुटीबोरी: ताई, नेमकं बोलल्या. १२ धरले तर सूत्र ३०० ऐवजी ४२४ सांगतं. खर्चाचा दर निम्मा केला, तरी खेप दुपटीनं वाढली नाही. पण डिस्काउंटचा निकाल उलटतो. १,२०० घेतल्यावर एकूण ७,९५६ आणि ४२४ घेतल्यावर ५,०९१. वाढीव खर्च २,८६५ आणि वाचतात ७,२००. म्हणजे डीलरचं ऐकावं.

म्हणून हिंगणावाले भाऊ, तुमचं उत्तर तुमच्या पैशावर अवलंबून आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा गाठलेली असेल आणि सरासरी पडून राहणाऱ्या जवळपास ५९ हजारांच्या मालापायी दुसरा चालणारा माल घेता येत नसेल, तर २४ सुद्धा कमीच आहे. पैसा मोकळा असेल तर ताईंचे १२ बरोबर. हा आकडा पुस्तकात सापडत नाही, तो बँकेचं खातं बघून ठरतो.

इतवारी_डाळवाले: मंग मी काय चुकीचं बोललो होतो? आणखी एक ऐका. वर्षात तीनदाच ऑर्डर दिली तं माल संपायचा धोकाही तीनदाच. बारा खेपा म्हणजे बारा वेळा छातीत धडधड.

स्टोअर_बुटीबोरी: हे मात्र मान्य. मोठ्या खेपेचा हा फायदा माझ्या हिशेबात धरलेला नव्हता.

कॉस्टिंग_मास्तर: मी कॉलेजात हा विषय शिकवतो. मुलानं १०० ही पातळी काढली ती मुळातच चूक आहे. रोज १२ नग आणि आठ दिवस म्हणजे ९६, त्याला गोल करून १००. हा सरासरी खप झाला. सरासरीवर पातळी ठेवली तर जवळपास निम्म्या खेपांना माल थोडा तरी कमी पडणारच. पातळी काढताना सर्वांत जास्त खप आणि सर्वांत जास्त दिवस घ्यायचे. समजा २० नग आणि १५ दिवस, तर ३०० नग उरले की ऑर्डर द्यायची. मग माल संपत नाही.

हिंगणा_बेअरिंग: सर, ३०० म्हणजे फारच झाले. मी वही काढून बघितली. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत किती नग विकले ते बारा खेपांचं लिहिलं. एकाही वेळी १०० च्या वर विक्री नाही. म्हणजे १०० बरोबरच होते, फक्त पुण्याहून उशीर झाला, असं वाटतं.

स्टोअर_बुटीबोरी: भाऊ, इथेच जपा. तुमच्याकडे १०० च होते, मग १०० च्या वर विकणार कुठून? वहीत विक्री लिहिलेली असते, मागणी नाही. परत गेलेलं गिऱ्हाईक वहीत दिसत नाही. माल संपलेल्या खेपांचा आकडा म्हणून विश्वासाचा नसतो. त्या दोन खेपांचं एवढंच सांगा: ऑर्डरनंतर कितव्या दिवशी डबा रिकामा झाला आणि माल कितव्या दिवशी आला?

हिंगणा_बेअरिंग: एप्रिलमध्ये सहाव्या दिवशी संपला, माल तेराव्या दिवशी आला. मेमध्ये पाचव्या दिवशी संपला आणि अकराव्या दिवशी आला.

स्टोअर_बुटीबोरी: मग एप्रिलमध्ये १०० नग सहा दिवसांत, म्हणजे रोजचे १७. तेरा दिवसांना २२१ लागले असते. मेमध्ये रोजचे २०, अकरा दिवसांना २२०. तुमचा आकडा हा आहे. सरांचे ३०० नाहीत आणि पुतण्याचे १०० तर नाहीतच.

२२० वर पातळी ठेवली तर सरासरी लागणाऱ्या ९६ च्या वर १२४ नग कायम राखीव. २४ च्या दरानं वर्षाला २,९७६ रुपये, ताईंच्या दरानं निम्मे. आणि त्या दोन खेपांत तुम्ही १२१ आणि १२० नग विकू शकला नाहीत. नगामागे १५ रुपये सुटत असतील तर ३,६१५ बुडाले, त्यातही बेअरिंगसोबत जाणारं ग्रीस आणि ऑइल सील धरलेलं नाही. ३०० वर नेलं तर आणखी ८० नगांचे १,९२० रुपये. सर्वांत जास्त खप आणि सर्वांत जास्त उशीर एकाच खेपेला येणं विरळा, त्यासाठी एवढा पैसा अडकवू नये.

रिवाइंडिंग_ताई: विरळा नाही हो. मी सांगते ना. मार्च लागला की नागपुरात सगळे कूलर खाली निघतात, मोटारी रिवाइंडिंगला येतात, बेअरिंग बदलावंच लागतं. खप वाढतो तो सगळ्याच दुकानांचा एकदम वाढतो. मग सगळे एकाच डीलरला एकाच आठवड्यात ऑर्डर देतात आणि त्याच्याकडचा माल संपतो. उशीर आणि खप हातात हात घालून येतात. भाऊंच्या दोन्ही खेपा एप्रिल-मेच्याच आहेत, हे बघा.

कॉस्टिंग_मास्तर: म्हणूनच दोन्ही कमाल आकडे गुणायचे. मी आपल्या ३०० वर ठाम आहे.

स्टोअर_बुटीबोरी: ताईंचा मुद्दा मी कमी लेखला, हे कबूल. पण त्यावर उपाय बारा महिने ३०० ठेवणं हा नाही. मार्च ते जून एक पातळी आणि उरलेल्या महिन्यांना वेगळी ठेवा. उन्हाळ्यात २२० किंवा थोडी वर, नंतर १३० पुरेल. पावसाळ्यात १७० जास्तीचे डबे कशाला सांभाळायचे?

सीताबर्डी_कूलरपंप: मी कूलरचे पंप विकतो. मला हे सूत्र लावून सांगा. वर्षाला १,८०० पंप जातात, पण जुलै ते जानेवारी एकही नाही. मागच्या जूनमध्ये २५० उरले.

स्टोअर_बुटीबोरी: तुमचा प्रश्न वेगळा आहे. सूत्र वर्षभर सारखा खप धरून चालतं, तुमच्याकडे तो नाही. तुम्ही एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत पैज लावता. एक पंप कमी पडला तर किती नफा जातो आणि एक उरला तर किती नुकसान, हे दोनच आकडे धरा. समजा ६० आणि २०. मग ६० भागिले ८०, म्हणजे पाऊण. चार उन्हाळ्यांपैकी तीन उन्हाळ्यांना पुरेल एवढा माल भरा. त्या हिशेबात एखाद्या वर्षी २५० उरणं ही चूक ठरत नाही.

हिंगणा_बेअरिंग: उन्हाळ्यासाठी २२० ठरवतो. एक विचारायचं राहिलं. पातळी वर नेली तर पोरगं रोज सकाळी बघणार की २२० च्या खाली आहे, आणि रोज ऑर्डर देणार. मागे असंच दोनदा माल आला.

स्टोअर_बुटीबोरी: रॅकवरचा माल अधिक वाटेतला माल, अशी बेरीज करून पातळीशी ताळा करायचा. २०० रॅकवर आणि ३०० पुण्याहून निघालेले, म्हणजे ५०० आहेत, ऑर्डर नको. वही नको असेल तर माझ्या स्टोअरची रीत करा. २२० नग वेगळ्या खोक्यात लाल पट्टी बांधून ठेवा. पट्टी सोडली की त्याच वेळी ऑर्डर, आणि पट्टी ऑर्डरच्या चिठ्ठीला बांधून ठेवायची. माल आला की आधी खोकं भरायचं, मग पट्टी परत बांधायची. पट्टी चिठ्ठीला असताना दुसरी ऑर्डर नाही.

रिवाइंडिंग_ताई: डीलरचं काय ठरवलं पण?

हिंगणा_बेअरिंग: उद्या बँकेत जातो. मर्यादेत किती शिल्लक आहे ते बघतो आणि डीलरला विचारतो, ६०० वर २ टक्के देतो का.

इतवारी_डाळवाले: देईल. फेब्रुवारीत विचारा, मे महिन्यात नाही.