अनुभव धागा: फिजिक्सच्या गणितात स्टेपचे मार्क कसे मिळाले, कसे गेले

निपाणीची मावशी
भाच्याची दहावीची प्रिपरेटरी झाली, मराठी माध्यम. तपासलेला पेपर घरी आला. गणित असं: बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. प्रतिमा कुठं आणि किती पट? पोरानं प्रतिमा १२ सेमीवर आणली. खरं उत्तर ६०. तरी ३ पैकी १ मार्क पडला, का तर सूत्र बरोबर लिहिलं होतं. शेजारच्या बाकावरच्या पोरानं नुसतं ‘१२’ लिहिलं, त्याला भोपळा. म्हणून विचारते, दिलेले, काढा, सूत्र, किंमती, उत्तर असं लिहून तुम्हाला काय मिळालं? आपापले अनुभव लिहा.

उचगावचा दादा
‘दिलेले’ लिहिलं की एक मार्क खिशात. गणित येत नसलं तरी मी तेवढं लिहून यायचो. पास झालो की!

खानापूरचे सर
दादा, तुझ्या वेळी कुणी दिला असेल, पण त्या भरवशावर बसू नकोस. आमच्या शाळेत तीन मार्कांच्या गणिताला आम्ही सूत्राला एक, किंमती घालायला एक आणि एककासह उत्तराला एक असे देतो. प्रश्नातले आकडे पुन्हा उतरवले म्हणून वेगळा मार्क नाही. तरीही मी पोरांना ‘दिलेले’ लिहायलाच लावतो, कारण चूक तिथंच धरता येते.

मावशी, भाच्याचं काय झालं असेल सांगतो. त्यानं u = ३० लिहिलं. वस्तू भिंगाच्या डावीकडं, म्हणून तिथंच u = −३० सेमी, f = +२० सेमी असं चिन्हासकट लिहायचं. मग सूत्र:

1/v − 1/u = 1/f

त्याखाली एक ओळ मांडणी बदलून, 1/v = 1/f + 1/u. ही ओळ गाळली की वजा एकदा सूत्रातला आणि एकदा u चा, दोन्हींचा गोंधळ होतो. आता किंमती कंसात घालायच्या:

1/v = 1/२० + 1/(−३०) = (३ − २)/६० = 1/६०

म्हणून v = +६० सेमी. इथं पुष्कळ पोरं 1/६० हेच उत्तर समजून थांबतात, उलटवायचं राहून जातं. वजा विसरलं की 1/२० + 1/३० = ५/६०, म्हणजे १२. भाच्याचं उत्तर तेच.

ते चुकलंय हे पेपर लिहिताना कळू शकतं. वस्तू ३० वर, म्हणजे २० आणि ४० च्या मध्ये. अशी वस्तू असली की प्रतिमा पलीकडं ४० च्याही बाहेर पडते. १२ आलं की मागं जाऊन चिन्हं बघायची.

संकेश्वरची पोरगी, नीटची तयारी
आमच्या पेपरात तर पर्यायच असतात, स्टेपला कोण विचारतंय? मला हे सगळं वेळखाऊ वाटतं.

खानापूरचे सर
बाई, तुझा पेपर वेगळा. हा धागा लिहून उत्तर देणाऱ्यांचा आहे.

येळ्ळूरचा, आता बेळगावात पीयूसी
मला ‘काढा’ या ओळीनं वाचवलं. तिथं v आणि m दोन्ही लिहिलेले, म्हणून ६० आल्यावर पेन खाली ठेवला नाही. m = v/u = ६०/(−३०) = −२. म्हणजे दुप्पट आणि उलटी. मित्राला v बरोबर आलं, m राहूनच गेलं. घरी येताना बसमध्ये आठवलं त्याला.

हुक्केरीची आई
आमच्या लेकीचं वेगळं. तारेच्या रोधाचं गणित, क्षेत्रफळ १ चौरस मिमी. तिनं ते मीटरमध्ये नेताना १०⁻³ धरलं, हवं होतं १०⁻⁶. सूत्र, मांडणी सगळं बरोबर, उत्तर हजारपट चुकलं. तिला सूत्राचा मार्क मिळाला, किंमतींचा नाही. मला वाटतं अर्धा तरी द्यायला हवा होता.

खानापूरचे सर
यावर आमच्या स्टाफरूममध्येही वाद होतो. एकक बदलणं हा किंमती घालण्याचाच भाग, असं मी धरतो. दुसरे सर म्हणतात, रीत बरोबर आहे तर अर्धा द्या. तसंच भाच्यानं चुकीच्या १२ वरून m काढला असता, तर १२/३० = ०.४ याला मार्क द्यायचा का? मी देतो, कारण पुढची रीत बरोबर आहे. सगळे देत नाहीत.

निपाणीची मावशी
भाच्याला विचारलं, ‘u पुढं वजा का नाही घातलास?’ तर म्हणतो, ‘प्रश्नात कुठं वजा होता मावशी, ३० च दिलंय की!’

उचगावचा दादा
बरोबरच आहे की त्याचं.