मदत हवी आहे: एक वर्षाच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी साठवलेली रक्कम पुरेल का?

नमस्कार. मी फोंड्याची असून वेर्णा येथील कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. पुण्यातील एक वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी राजीनामा देण्याचा विचार आहे.

शुल्क 3,00,000 रुपये आहे. पुण्यातील राहणे-जेवण 18,000, घराचा हप्ता 14,000 आणि आई-बाबांचा खर्च 10,000 असे महिन्याला 42,000, म्हणजे वर्षाला 5,04,000 रुपये लागतील. त्यानंतर नोकरी मिळेपर्यंत घरी राहून महिन्याला 30,000 प्रमाणे चार महिन्यांचे 1,20,000 धरले, तर एकूण 9,24,000 होतात. मुदत ठेवीत 7,00,000 आणि समभाग म्युच्युअल फंडात 3,50,000 आहेत.

हातात येणारा 52,000 चा पगार बंद होईल, पण तो मी या बेरजेत मिळवलेला नाही, कारण त्यातून भागणारे खर्च आधीच मोजले आहेत. अभ्यासक्रम परवडतो का, यापेक्षा तो फायद्याचा आहे का हे ठरवताना मात्र बुडणारा पगार, शुल्क आणि पुण्यातला जादा खर्च एकत्र धरावा लागेल, असे मला वाटते. ही मांडणी बरोबर आहे का?

खरी काळजी फंडाची आहे, कारण बाजार पडलेला असतानाच पैसे काढावे लागले तर हिशेब कोलमडेल. लागणारी रक्कम आताच ठेवीत वळवावी, की शुल्कापुरते शैक्षणिक कर्ज घेऊन ठेव राखावी? शिवाय राजीनाम्यानंतर कंपनीचा आरोग्य विमा संपेल. आई-बाबांसाठी स्वतंत्र विमा आधीच घेतलेल्यांनी हप्त्याचा अंदाज सांगावा, ही विनंती.