फ्रेशर असताना पगाराचं बोललात का? अनुभव सांगा

धरमपेठची मावशी: काल भाचीचा फोन आला. हातात दोन ऑफर, "मावशी, फ्रेशरनं पगार वाढवून मागावा का गं?" मला माझं 2019 आठवलं. कॅम्पसमधून 3.6 लाख होते, सगळे फिक्स. परसोडीच्या आयटी पार्कात जिथं सहा महिने इंटर्न होते, त्या छोट्या कंपनीनं 4.2 दिले. घरात पेढे आले. रात्री कागद घेऊन बसले तर 4.2 मधले 40,000 व्हेरिएबल, 21,600 कंपनीचा पीएफ, साडेआठ हजार ग्रॅच्युइटी. उरलेल्याला बारानं भागून माझा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स वजा केला, हातात साधारण 27,100. कॅम्पसवाल्यांचे तसेच काढले तर 25,400. कागदावर वर्षाला 60,000 जास्त, हातात महिन्याला सतराशे!

मग एचआरला मेल केला. इंटर्न असताना लिहिलेली बिलं जुळवायची स्क्रिप्ट त्यांची टीम रोज वापरत होती, आधी त्यात अर्धा दिवस जायचा. ते लिहिलं, दुसरं ऑफर लेटर जोडलं आणि एकच मागितलं, पहिल्या वर्षी व्हेरिएबल फिक्समध्ये घ्या. अर्धं मानलं. हातात 28,800 आले.

मिहानवाला: दुसरी ऑफर लाखभर वाढवून सांगायची, कोण पाहते?

अजनीचा दादा: पाहतात बाप्पा. मी भरतीत आहे, पहिल्यांदा लेटरच मागतो. खोटं निघालं की ऑफर परत. आणि मोठ्या आयटीवाल्यांच्या कॅम्पसमध्ये एका पदाला बहुतेक एकच ठरलेलं पॅकेज असते, तिथं आकडा हलत नाही. जॉइनिंगची तारीख, शहर, बाँड हे विचारा. इंटर्नशिपच्या जागी मात्र तुमचं काम त्यांनी पाहिलेलं असते, आकडा तिथंच हलतो.

सावनेरकर: मला 4 वर्षं झाली, स्विचला 40% मागू का?

अजनीचा दादा: भाऊ, हा धागा फ्रेशरचा आहे. वेगळा काढा, बोलू.

हिंगणा एमआयडीसी: आमच्या मेकॅनिकलमध्ये दोन ऑफर कुठून आणायच्या? एकच होती, तीही ट्रेनी. सीएनसी प्रोग्रॅमिंग येते म्हणून पगार मागितला, नाही म्हणाले. मग सहा महिन्यांनी कन्फर्म करू हे लेटरमध्ये लिहून घेतलं. तोंडी ऐकलेल्या मित्राला दीड वर्ष लागलं.

गृहिणी_नागपूर: कुकर लावून वाचतेय. लेकाच्या कॉलेजात एक ऑफर घेतली की पुढच्या कंपनीला बसू देत नाहीत. मग दुसरी दाखवायची कशी?

धरमपेठची मावशी: ताई, म्हणून माझी दुसरी इंटर्नशिपची होती, कॅम्पसबाहेरची. पण काही कॉलेजांत तीही प्लेसमेंट सेलला कळवावी लागते, आधी विचारून घ्या.

मिहानवाला: पण लेटर जोडणं बरोबर आहे का? माझ्यावर गोपनीय लिहिलं होतं.

अजनीचा दादा: मी मागतो खरं, पण तसं लिहिलं असेल तर नुसता फिक्स आकडा सांगितलेलाही चालतो. प्रत्येकाकडे चालेलच असं नाही.

हिंगणा एमआयडीसी: मावशी, भाचीचे दोन आकडे टाका ना, हातातला पगार काढून देतो. शिफ्ट सुटली की बसतो.