एफ आला, पुढे काय?

> "नागपूरच्या क्लासमध्ये फळा, गटचर्चा, व्हिडिओ अशा पद्धतींनी १०-१० मुलं शिकवली. सरासरी गुण ६२, ६६, ७२. प्रसरण विश्लेषणात गटांतर्गत प्रसरण ६४, एफ ३.९६, पी ०.०३. म्हणजे व्हिडिओच सरस ना?"

एवढ्यावरून नाही. एफ इतकंच सांगतो की तिन्ही सरासरी सारख्या नाहीत. कोणती कोणापेक्षा वेगळी, यासाठी टुकी चाचणी लावा. तीन सुट्या टी-चाचण्या केल्या तर एखादा फरक उगाच सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांवर राहत नाही, वाढते.

टुकीच्या तक्त्यात ३ गट आणि २७ स्वातंत्र्यमात्रांना ३.५१ मिळतं. ६४ भागिले १० याचं वर्गमूळ २.५३, त्याचा ३.५१ शी गुणाकार ८.९. सरासरींतला फरक याहून मोठा हवा. व्हिडिओ-फळा १०, म्हणजे ठरला. व्हिडिओ-गटचर्चा ६ आणि गटचर्चा-फळा ४, दोन्ही अनिर्णित. 'सारखेच' असं मात्र लिहू नका.

आणि हो, व्हिडिओची बॅच सकाळची, फळ्याची संध्याकाळची असेल, तर हा फरक पद्धतीचा की बॅचचा, हे कोणतीच चाचणी सांगणार नाही.